मालकी कोणत्या दिवशी जाते?



  अध्यक्षानं वर्षभराच्या व्यवसायाचा आढावा घ्यावा असा रिवाज आहे. आढावा मी लिहून आणला होता. दर, जीएसटी, परदेशी क्लायंट, सगळं त्यात आहे. तो कार्यालयात ठेवतो, स्मरणिकेत छापला जाईल. मला आज एकाच ओळीविषयी बोलायचं आहे. ती ओळ आपल्या करारांत नसते, आणि ती नसल्याचा त्रास मी गेली कित्येक वर्षं बघतो आहे.

प्रश्न साधा आहे. तुम्ही लिहिलेला प्रोग्राम क्लायंटच्या मालकीचा कोणत्या दिवशी होतो? करारावर सही झाली त्या दिवशी, फाइल पाठवली त्या दिवशी, की शेवटचा रुपया खात्यात आला त्या दिवशी?

क्लायंट समजतो, पैसे दिले की माल आपला. कायदा तसं म्हणत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात प्रोग्राम साहित्यकृतीतच धरतात आणि कलम १७ प्रमाणे पहिला मालक लिहिणारा असतो. नोकरीत पगारावर लिहिलं तर मालक कंपनी. आपण स्वतंत्र काम करतो, नोकर नाही. आपल्यातल्या फोटोग्राफर मंडळींची गोष्ट वेगळी. पैसे देऊन काढवून घेतलेला फोटो, वेगळं काही ठरलं नसेल तर, काढवून घेणाऱ्याचा. प्रोग्रामला ही सवलत नाही. तो हस्तांतरित व्हायचा तर कलम १९ प्रमाणे लेखी कागद हवा आणि त्यावर आपली सही हवी. म्हणजे सुरुवातीला पत्ते आपल्या हातात असतात. आणि आपण ते पहिल्याच पानावर टाकून देतो!

कसे, ते सांगतो. माझ्या ओळखीच्या एका तरुणानं नागपूरच्या कळमना बाजारातल्या एका संत्रा अडत्यासाठी हिशेबाचा प्रोग्राम केला. आवक नोंदवून, तोलाई, हमाली वजा करून शेतकऱ्याची पट्टी छापायची. ठरले १,२०,००० रुपये. सुरुवातीला ३६,०००, चाचणीनंतर ४८,०००, शेवटी ३६,०००. करार अडत्याच्या भाच्यानं कुठूनतरी अमेरिकन नमुना उतरवून आणलेला. त्यात वाक्य होतं की केलेलं सर्व काम, कच्च्या मसुद्यांसह, निर्माण होताक्षणी क्लायंटच्या मालकीचं राहील. पोरानं सही केली. आपल्या कायद्यात पुढे होणाऱ्या कामाचे हक्कही आधीच लिहून देता येतात; काम जन्मलं की ते आपोआप जातात. तसे ते गेले.

चाचणी झाली, ८४,००० मिळाले. शेवटच्या हप्त्याला ‘थोडं काम बाकी आहे’ सुरू झालं. तोवर प्रोग्राम अडत्याच्या मेहुण्याच्या गाळ्यावर चालू झालेला, आणखी दोघांना दिलेला. पोरगा विचारायला गेला तर उत्तर, ‘भाऊ, पैसे कुठं पळून चालले का?’ वकिलानं करार वाचला आणि सांगितलं, वाटण्याला तुझी हरकत चालणार नाही, मालक तो आहे. तुझं येणं ३६,०००, त्याचा दावा लाव. तीन वर्षांची मुदत आहे. ३६,००० साठी कोर्टाची पायरी कोण चढतो, हे अडत्याला चांगलं ठाऊक होतं.

त्याच बाजारातल्या दुसऱ्या एका व्यापाऱ्याशी माझा करार होता. त्यात एक ओळ मी भांडून घातली होती: ‘संपूर्ण रक्कम जमा झाल्याच्या दिवशी कॉपीराइट आपोआप क्लायंटकडे जाईल, तोवर क्लायंटला स्वतःच्या एका पेढीवर चाचणीपुरती वापराची परवानगी राहील.’ तिथेही शेवटचा हप्ता अडला, तिथेही प्रोग्राम शेजारच्या गाळ्यावर गेला. फरक एवढाच की या वेळी शेजारी परवानगीशिवाय माझा प्रोग्राम वापरत होता. हा उधारीचा तगादा राहिला नाही, कॉपीराइटचा भंग झाला. त्यात कोर्टाकडून वापर थांबवण्याचा आदेश मागता येतो, आणि कलम ६२ प्रमाणे दावा आपण राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात लावता येतो. क्लायंट मुंबईचा असता तरी मी नागपुरातच दावा लावू शकलो असतो. वकिलाची नोटीस शेजाऱ्याच्या हाती पडली, आणि शेजाऱ्यानंच जाऊन माझ्या क्लायंटला पैसे भरायला लावले.

हप्ता बुडू नये म्हणून काय करावं, यावर सकाळच्या चर्चेत दोन तट पडले. एक म्हणतो सोर्स कोड देऊच नका, दुसरा म्हणतो प्रोग्राममध्ये कुलूप घाला, तारीख उलटली की बंद पडेल. दोन्ही तटांना मी वरच्या दोन गाळ्यांवर नेऊन उभं करतो. त्या पोराकडे कोड होताच, क्लायंटकडे नव्हता. काय उपयोग झाला? अन् कुलपाचं म्हणाल, तर मालक क्लायंट असताना त्याच्या संगणकावरचं चालतं काम तुम्ही चोरून बंद पाडलंत, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ तुमच्याच अंगावर येतं. हुशारी कोडमध्ये दाखवू नका, करारात दाखवा.

क्लायंटची बाजू मी नाकारत नाही. उद्या मी आजारी पडलो तर त्याचा धंदा अडू नये, ही त्याची भीती रास्त आहे. म्हणून ‘आपोआप’ हा शब्द महत्त्वाचा. पैसे आले की माझ्या नव्या सहीची गरज उरत नाही.

आणखी एक सांभाळा. हमाली-तोलाईचा हिशेब करणारा भाग मी त्या करारापूर्वीच लिहिलेला होता. ‘सर्व काम’ असं मोघम लिहून दिलं असतं तर तोही गेला की नाही यावर वाद झाला असता, आणि पुढच्या व्यापाऱ्याकडे तो वापरताना मी चोर ठरलो असतो. म्हणून आधीच्या भागांची यादी कराराला जोडायची. त्यांची मालकी माझी, क्लायंटला कायमची वापराची परवानगी.

मोघमपणा क्लायंटलाही महागात पडतो, हे आपल्या क्लायंटना सांगा. पाइन लॅब्स आणि जेमाल्टो यांच्या वादात दिल्ली उच्च न्यायालयानं २०११ साली हेच ठरवलं. करारानं सॉफ्टवेअरचे हक्क दिले होते, मुदत लिहिली नव्हती. मुदत नसेल तर पाच वर्षं आणि प्रदेश नसेल तर फक्त भारत, असं कलम १९ सांगतं. पाच वर्षं संपल्यावर हक्क बनवणाऱ्याकडे परतले. मुदत आणि प्रदेश लिहा असं आपणच सुचवलं, की क्लायंट आपली पैशाची अट ऐकून घेतो. माझा अनुभव तरी असा आहे.

कार्यकारिणीनं मराठीत एक नमुना करार तयार करावा, वकील मित्रांची छोटी समिती नेमावी, असं मी सुचवतो. तपशील पुढच्या बैठकीत ठरवू. बैठका कशा होतात हे मला माहीत आहे, म्हणून तिच्यासाठी थांबू नका.

सोमवारी तुमच्यापुढे जो करार येईल त्यात मालकीचं कलम आधी काढा. तिथे ‘निर्माण होताक्षणी’ असेल तर ते खोडून ‘संपूर्ण रक्कम जमा झाल्यावर’ लिहा. क्लायंट तेवढंही मान्य करत नसेल, तर सही करू नका.