उभ्या रिक्षाचं तेल आणि इंधन

बचत गटाचं कर्ज घेऊन रिक्षा घेतलेली घरं आपल्या जिल्ह्यात गावोगावी आहेत. हप्ता भरतो आपण, डायरीत हिशेब लिहितो आपण, पण रिक्षाच्या तेलपाण्याची गोष्ट निघाली की "ते मिस्त्रीला माहीत" म्हणून विषय संपतो. म्हणून आज आम्ही दोनच प्रश्न घेणार आहोत. दिवसभर चालणाऱ्या आणि त्यातही बराच वेळ चालू ठेवून उभ्या राहणाऱ्या रिक्षात कोणतं इंजिन ऑइल घालायचं? आणि अशा धंद्याला कोणतं इंधन परवडतं?

आधी हे उभं राहणं काय असतं ते पाहू. शेगावच्या स्टेशनासमोर गाडीची वाट बघत रिक्षा उभी आहे. खामगावच्या बसस्टँडवर सवारी भरेपर्यंत उभी आहे. मलकापूरला फाटक पडलं म्हणून उभी आहे. इंजिन मात्र धडधडत असतं. मीटरवर एक किलोमीटरही वाढत नाही. म्हणूनच चालवणारा म्हणतो, "बाई, मीटर तं फिरलंच नाई, मंग तेल कायले बदलाचं?"

मीटर फिरत नसला तरी तेल झिजत असतं, आणि ते दोन-तीन बाजूंनी झिजतं. उभ्या गाडीत इंजिन हळू फिरतं. तेव्हा पेट्रोल नीट जळत नाही आणि त्यातलं थोडं पिस्टनच्या कडेने खाली उतरून तेलात मिसळतं. तेल पातळ होतं. डिझेल गाडीत त्यासोबत काजळीही तेलात उतरते. शिवाय इंजिन गार करणारा पंखा बहुतेक पेट्रोल रिक्षांत इंजिनासोबतच फिरतो. इंजिन हळू, तर पंखाही हळू. समोरून वाराही नाही. घाटाखालच्या मे महिन्याच्या उन्हात तेल तापून जुनं होतं. आणि तेल वर चढवणारा पंपही हळू फिरत असल्याने तेलाचा दाब कमी असतो. नेमकं तेव्हाच तेल दमदार असायला हवं.

आता डब्यावरचे आकडे. डब्यावर २०डब्ल्यू-५०, २०डब्ल्यू-४०, १०डब्ल्यू-३० असं लिहिलेलं असतं. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला. गार इंजिन सुरू करताना तेल किती सहज हलतं, ते तो सांगतो. वीस आकड्याचं तेल उणे पंधरा अंश थंडीतही इंजिन फिरू देतं का, हे तपासून मगच त्याला तो आकडा मिळतो. आपल्या बुलढाण्याच्या घाटावर पौषात कितीही हुडहुडी भरली तरी तिथवर काही जात नाही. म्हणून पहिला आकडा लहान असलेलं महाग तेल घेऊन आपल्याला फारसा फायदा नाही. नंतरचा आकडा तापलेल्या इंजिनातला. तो जितका मोठा, तितकं तेल गरमीत दाट राहतं. चाळीसपेक्षा पन्नास दाट. आपल्या कामाचा आकडा हा दुसरा.

मग घ्यायचं काय? पहिला मान गाडीसोबत आलेल्या पुस्तकाला. पेट्रोल, सीएनजी किंवा एलपीजी रिक्षाच्या पुस्तकात बहुतांशी २०डब्ल्यू-५० किंवा २०डब्ल्यू-४० असतं. पुस्तकात दोन्ही चालतील असं लिहिलं असेल, गाडी घाटाखाली चालत असेल आणि जास्त उभी राहत असेल, तर २०डब्ल्यू-५० घ्यावं. पुस्तकात एकच दिलं असेल तर तेच. "जाड तेल घाला, आवाज बंद होईल" असं कोणी सांगितलं तरी पुस्तकापेक्षा जाड तेल घालू नये. जाड तेल सकाळी वरच्या भागापर्यंत पोचायला उशीर लावतं, आणि सरावर्षे जुन्या इंजिनाचा आवाज त्याने काही दिवस दबतो, झीज थांबत नाही.

आकड्याखाली अजून दोन खुणा बघायच्या. एक एपीआय. तिच्यापुढे एस अक्षराने सुरू होणारी जोडी असेल तर तेल पेट्रोल जातीच्या इंजिनासाठी, सी अक्षराने सुरू होणारी असेल तर डिझेलसाठी. दुसरी खूण जासो एमए. बऱ्याच पेट्रोल आणि सीएनजी रिक्षांत क्लचच्या प्लेटा त्याच तेलात बुडालेल्या असतात. मोटारीसाठीच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात. ती इंजिनाला बरी, पण क्लचच्या प्लेटा त्याने घसरतात. सवारी भरून चढ चढताना इंजिन ओरडतं आणि गाडी पुढे सरत नाही. म्हणून क्लच तेलात असणाऱ्या रिक्षात जासो एमए लिहिलेलंच तेल. सुटं, डब्याविना मिळणारं तेल स्वस्त पडतं, पण त्यावर यातली एकही खूण नसते.

आता तेल कधी बदलायचं? मिस्त्री लोक एक ढोबळ हिशेब धरतात. इंजिन चालू ठेवून एक तास उभं राहणं म्हणजे साधारण ४० ते ५० किलोमीटर चालणं. आपण कमीचा, म्हणजे ४० चा आकडा धरून एक उदाहरण करू.

समजा, शेगावात स्टेशन ते मंदिर धंदा करणारी एक पेट्रोल रिक्षा दिवसाला ६० किलोमीटर चालते आणि दिवसभरात मिळून ३ तास चालू स्थितीत उभी राहते. महिन्याचे २६ दिवस. मीटरवर महिन्याला १,५६० किलोमीटर दिसतील. उभं राहणं झालं ७८ तास, म्हणजे ३,१२० किलोमीटरच्या बरोबरीचं. एकूण ४,६८०. पुस्तकात तेल ५,००० किलोमीटरला बदला असं लिहिलं असेल, तर मीटर बघणारा तीन महिन्यांनंतर बदलेल. तोवर इंजिनाचं खरं काम जवळजवळ १५,००० किलोमीटरचं झालेलं असेल. खरी वेळ महिना उलटल्यावरच आली होती.

याच रिक्षाने उभं असताना इंजिन बंद करायची सवय लावली आणि तीन तासांचा एक तास केला, तर महिन्याचं काम २,६०० वर येतं. तेच तेल जवळजवळ दोन महिने पुरतं. शिवाय महिन्याला ५२ तासांचं इंधन वाचतं. उभ्या गाडीला तासाला पाव लिटर धरलं तरी १३ लिटर होतात. लिटरला १०५ रुपये धरले तर १,३६५ रुपये. आपल्या घरची रिक्षा किती तास उभी चालते हे आठ दिवस डायरीत लिहा आणि आपले आकडे या जागी घाला.

यावर घरातून उत्तर येतं, "वारंवार बंद-चालू केली तर सेल्फ बसेल." सेल्फ बसतो तो बहुधा कमजोर बॅटरीमुळे. बॅटरीची टोकं साफ ठेवा, ती उतरलेली असेल तर दुरुस्त करून घ्या. एक मिनिटाहून जास्त थांबायचं असेल तर इंजिन बंद, हा साधा नियम ठेवा.

तेल बघायचं ते असं. गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद करा आणि पाच-दहा मिनिटं थांबा. मापपट्टी पुसून परत घालून काढा. तेल दोन खुणांच्या मध्ये हवं. खालच्या खुणेच्या खाली गेलं तर कमी पडतंय. न घालताच वाढलेलं दिसलं आणि पेट्रोलचा वास आला, तर इंधन तेलात मिसळतंय. चहात दूध पडल्यासारखा रंग दिसला तर पाणी शिरलंय. मागून निळा धूर येत असेल तर इंजिन तेल जाळतंय. आणि उभं असताना तेलाचा लाल दिवा लुकलुकायला लागला तर सवारी घेऊ नका, आधी मिस्त्री गाठा. जुनं तेल गरम असताना काढावं, म्हणजे गाळही सोबत येतो. ते नालीत किंवा विहिरीजवळ ओतू नका. डब्यात भरून गॅरेजवरच द्या.

आता इंधन. इथं प्रत्येकाचा तेलाशी संबंध वेगळा आहे. डिझेल गाडी ओझं ओढते. चिखली-मेहकरसारखा लांबचा पल्ला आणि मालवाहतूक असेल तर ती बरी. पण काजळीने तिचं तेल लवकर काळं होतं, म्हणून नुसत्या रंगावरून तेल खराब म्हणता येत नाही, तास मोजावे लागतात. सीएनजीत याच्या उलट. मुंबई-पुण्याच्या रिक्षा त्यावरच चालतात. गॅस तेलात मिसळून ते पातळ करत नाही, काजळीही नसते. तेल बराच काळ स्वच्छ दिसतं, आणि तिथंच फसगत होते. गरमीने ते आतून जुनं झालेलं असतं. कोरड्या गॅसमुळे व्हॉल्व्हच्या बैठकीही झिजतात. म्हणून सीएनजी गाडीत रंग न बघता ठरल्या वेळी तेल बदला आणि त्याच वेळी टॅपेट तपासून घ्या. टाकीची दर तीन वर्षांनी दाबाची तपासणी लागते, तिचा खर्च धरून ठेवा. राजूर घाट रोज चढायचा असेल तर सीएनजीची ताकद पेट्रोलपेक्षा थोडी कमी पडते. आणि गाडी घेण्याआधी पंप किती दूर आणि रांग किती, हे स्वतः जाऊन बघा. रांगेत गेलेला तास हाही धंद्याचाच तास.

एलपीजीबद्दल एकच सांगतो. घरचं सिलेंडर रिक्षात रिकामं करणं गुन्हा आहे, आणि भरताना गळलेला वायू जमिनीलगत साचून पेट घेतो. चुलीचा गॅस चुलीलाच.

विजेच्या रिक्षाला इंजिन ऑइल नाही, आणि उभी राहिली की तिची मोटर फिरतच नाही. म्हणजे स्टेशन ते मंदिर अशा छोट्या फेऱ्या आणि जास्त थांबणं, हा तिचाच धंदा. पण आधी तीन गोष्टी विचारा. दिवसाचे एकूण किलोमीटर एका चार्जिंगमध्ये होतात का? रात्री घरी वीज किती तास टिकते? आणि बॅटरी बदलायची वेळ आली तर ती किती रुपयांना, आणि हमी किती वर्षांची? या तिसऱ्या उत्तरावर कर्जाचा हप्ता ठरवा.

तर मैत्रिणींनो, पुढच्या गटाच्या बैठकीला दोन वस्तू घेऊन या. गाडीचं पुस्तक, आणि आठ दिवसांच्या उभ्या तासांची डायरी. तेलाचा आकडा पुस्तकात सापडेल, बदलायची तारीख डायरीत.