नुस्ता आकडा

वाशिमची आपली पोरं मराठी शाळेतून येतात. डिक्शनरी उशाशी ठेवून इंग्रजी लिहितात; साधे शब्द, ठरावीक वाक्यं. एआयचं लिखाण हुडकणारं यंत्र नेमकं तेच धरतं. पुढचा शब्द सहज ओळखता आला की म्हणतं, हे माणसाचं नाही! २०२३ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी मायबोली नसलेल्यांचे ९१ निबंध सात यंत्रांना दिले. सरासरी निम्म्याहून जास्त निबंध यंत्रांनी एआयच्या नावावर टाकले.

कॉपीच्या आरोपात मूळ उतारा शेजारी ठेवून दाखवता येतो. इथं मूळच नाही, नुस्ता आकडा. त्याची उलटतपासणी करायची कशी? यूजीसीचे २०१८ चे नियम वाङ्मयचौर्याच्या चौकशीतसुद्धा नैसर्गिक न्याय पाळायला सांगतात. मग आधी आरोप लेखी द्या, अख्खा रिपोर्ट द्या, मुदत द्या. कच्ची वही बघा. पोराला समोर बसवून त्याच्याच निबंधावर प्रश्न विचारा, अन् मराठीत विचारा.

२०२४ मध्ये हरियाणातल्या जिंदल विद्यापीठातला कायद्याचा एक विद्यार्थी ८८ टक्क्यांच्या अशाच आकड्यावर नापास ठरला. तो स्वतः वकील. हायकोर्टात गेला, तेव्हा विद्यापीठानं त्याला पास केलं. आमचं पोर नागपूर खंडपीठापर्यंत एस्टीनं जाईलही. वकील कशाच्या जोरावर लावील?