नळ आहे, पण पाणी?

आज बोलायचंय रिलायबिलिटी आणि व्हॅलिडिटीबद्दल. पुस्तकात यांना विश्वसनीयता आणि सप्रमाणता म्हणतात. मला यातला फरक कळला तो कोपरगावात, कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये.

विषय होता, घरात पाण्याची किती ओढाताण होते. गोदावरीच्या काठावरचं आमचं गाव, पण तेव्हा नळाला काही दिवसांआड पाणी यायचं. मी वीस घरांत पहिला प्रश्न विचारला, "घरात नळ आहे का?" आठवड्यानं त्याच घरांत परत विचारला. एक घर सोडून सगळ्यांची उत्तरं तीच. मी खूश! मोजमाप पक्कं, म्हणजे रिलायबिलिटी चांगली.

पण "हो" म्हणणाऱ्या घरांतच ओट्याखाली ड्रम, टिपं, पिण्यासाठी विकतचे जार. मला मोजायची होती ओढाताण, मी मोजली तोटी. उत्तर दरवेळी तेच येत होतं, पण भलत्याच गोष्टीचं. म्हणजे व्हॅलिडिटी नाही.

मग विचारलं, "पाणीपुरवठा कसा वाटतो? एक ते पाच गुण द्या." आता विषय बरोबर होता. पण पाणी आलं त्या दिवशी काकू चार गुण द्यायच्या, ड्रम तळाला गेला की दोन. पाणी यायचा क्रम तोच, गुण मात्र दिवसागणिक वेगळे. अशा डळमळीत आकड्यावरून दोन घरांची तुलना कशी करणार?

पाण्याची ही ओढाताण मोजायला एक आंतरराष्ट्रीय प्रश्नावली आहे. तिचं नाव HWISE, 2019 साली प्रसिद्ध झाली. तिच्यात 12 प्रश्न आहेत, सगळे गेल्या 4 आठवड्यांतल्या अनुभवांचे. उदाहरणार्थ, पाण्याअभावी कपडे धुणं किती वेळा राहिलं? प्रत्येक उत्तराला 0 ते 3 गुण, एकूण 36. बेरीज 12 किंवा जास्त आली, तर ते घर पाण्याच्या बाबतीत असुरक्षित धरतात. इथे "कसं वाटतं" नाही, "किती वेळा घडलं" विचारलंय. म्हणून आजच्या मूडचा परिणाम कमी होतो.

तरी एक गोम राहतेच. आमच्याच घरी मी आधी बाबांना विचारलं. म्हणाले, "काही त्रास नाही." परत विचारलं, तेच. आई पहाटे उठून पाणी भरायची, तिचं उत्तर अगदी वेगळं. बाबा खोटं बोलत नव्हते. त्यांना झळ पोचतच नव्हती. म्हणजे प्रश्न चांगला असून माणूस चुकला, तरी उत्तर ठाम आणि चुकीचं येऊ शकतं.

आणि हो, दोनदा विचारताना मधल्या काळात पाइपलाइन फुटली, तर उत्तर बदलणारच. तो दोष प्रश्नाचा नाही, परिस्थितीच बदलली.

म्हणून गूगल फॉर्म पाठवण्याआधी दोन गोष्टी करा. थोड्या लोकांना काही दिवसांनी तोच प्रश्न परत विचारा. आणि उत्तर एखाद्या डोळ्यांनी दिसणाऱ्या गोष्टीशी ताडून बघा. मी कॅलेंडरवर पाणी आल्याच्या खुणा करायला सांगितल्या होत्या. आईच्या खुणा तिच्या उत्तराशी जुळल्या.

चला, भेटू पुढच्या भागात!