दुरुस्ती झाली, बाकीचे तसेच आहे ना?

मुकुटबन आणि झरी-जामणी तालुक्याच्या शिवारात सध्या सातबाऱ्याला जितके काम पडते, तितके पूर्वी क्वचितच पडले असेल. पीककर्ज काढायचे तर सातबारा, कापूस खरेदी केंद्रावर न्यायचा तर सातबारा, पीकविम्याला सातबारा. त्यात या भागात सिमेंट आणि कोळसा यांच्यासाठी जमिनींचे व्यवहार झाले, आणि अशा व्यवहारात जमीन जिरायत की बागायत, विहीर आहे की नाही, वाटा किती आर, हे सगळे कागदावरूनच ठरते. त्यामुळे उताऱ्यात चूक दिसली की माणूस तहसीलला अर्ज करतो, आणि ते योग्यच आहे. मला आज बोलायचे आहे ते त्यानंतरच्या टप्प्याबद्दल. दुरुस्त उतारा हातात आला की आपण पाहतो एकच जागा, जिथे चूक होती ती. नाव नीट झालेले दिसले की घडी करून कागद खिशात. माझे म्हणणे असे की खरी तपासणी तिथे संपत नाही, सुरू होते. जे बदलायचे होते ते बदलले का, हा अर्धा प्रश्न झाला. जे बदलायचे नव्हते ते जसेच्या तसे राहिले का, हा उरलेला अर्धा, आणि नुकसान बहुधा तिथूनच होते. गोठ्यातला एक बैल सोडताना बाकीचे दावणीला आहेत ना, हे शेतकरी न सांगता पाहतो. उताऱ्याच्या बाबतीत मात्र पाहत नाही.

हा आग्रह केवळ काटेकोरपणाचा नाही, कायद्याच्या रचनेतूनच तो येतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ सालची. तिच्या कलम १५५ नुसार लेखनप्रमाद, म्हणजे लिहिण्यात झालेली चूक, दुरुस्त करता येते. हितसंबंधित पक्षांनी मान्य केलेली चूकही दुरुस्त करता येते. तपासणीत अधिकाऱ्यालाच चूक आढळली, तर संबंधितांना नोटीस देऊन हरकती निकाली काढल्याशिवाय ती दुरुस्त करता येत नाही. म्हणजे या दुरुस्तीला कायद्यानेच कुंपण घातले आहे. मालकीचा वाद सोडवायची ही जागा नव्हे. कुणाचा हिस्सा कमी-जास्त करणारा बदल लेखनप्रमादाच्या नावाखाली शिरला, तर तो हेतुपुरस्सर असो की नजरचुकीने, कुंपणाबाहेरचाच आहे. आणि तो वेळीच पकडावा का लागतो, याचे उत्तर कलम १५७ मध्ये आहे. अधिकार अभिलेखातली नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत किंवा तिच्या जागी नवी नोंद कायदेशीररीत्या होईपर्यंत, खरी मानली जाते. चुकीची नोंददेखील तोवर खरीच धरली जाते, आणि ती खोटी आहे हे दाखवायचा भार तुमच्यावर येतो.

आता तपासणी कशी करायची ते पाहू. लोक समजतात की जुना उतारा आणि नवा उतारा, असे दोन कागद समोर ठेवले की झाले. माझ्या मते कागद तीन लागतात. तिसरा म्हणजे दुरुस्तीचा आदेश, आणि त्या आदेशावरून घेतलेल्या फेरफाराची प्रत. दोन उतारे एकमेकांशी ताडून फक्त फरक कळतो. तो फरक हवा होता की नको होता, हे आदेशच सांगू शकतो. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ च्या सुमारास, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. नेमके कोणकोणते पाठ बदलले याची यादी मात्र सोबत नाही, म्हणून अभ्यासकांना आजही पोथ्या ताडून अंदाज बांधावा लागतो. आपल्याकडे ती यादी आदेशाच्या रूपाने असते. मग ती न वापरण्यात काय अर्थ?

एक उदाहरण घेऊ, कल्पनेतले, पण आकडे धरून. एका गटाचे लागवडीयोग्य क्षेत्र २ हेक्टर ४० आर आहे आणि पोटखराबा १० आर, म्हणून एकूण २ हेक्टर ५० आर. लागवडीच्या क्षेत्रात तीन खाती आहेत: पहिल्याकडे १ हेक्टर २० आर, दुसऱ्याकडे ८० आर, तिसऱ्याकडे ४० आर. पहिल्या खातेदाराचे आडनाव 'मडावी', ते 'माडवी' असे पडले आहे. तहसीलदारांचा आदेश एवढाच, की आडनाव 'मडावी' करावे. तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, ते फेरफार घेतात, मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतात आणि नवा उतारा निघतो. आता जुना आणि नवा उतारा शेजारी ठेवून एकेक रकाना पाहायचा: गट क्रमांक, भूधारणा पद्धती म्हणजे वर्ग १ की वर्ग २, क्षेत्र, पोटखराबा, आकारणी, खाते क्रमांक, नाव, प्रत्येकाचे क्षेत्र, नावापुढचा फेरफार क्रमांक, आणि शेवटी कुळ व इतर अधिकार. जिथे फरक दिसेल तिथे पेन्सिलीने क्रमांक टाकायचा. मग आदेश उघडायचा. प्रत्येक फरकाला आदेशात आधार आहे का आणि आदेशातल्या प्रत्येक वाक्याचा फरक उताऱ्यात पडला आहे का, असे दोन्ही बाजूंनी ताडायचे. आपल्या उदाहरणात दोनच फरक निघायला हवेत: आडनाव, आणि दुरुस्तीच्या नव्या फेरफाराचा क्रमांक व दिनांक.

समजा तिसरा फरक निघाला, दुसऱ्या खात्यावर ८० आरऐवजी ८ आर. ही चूक बेरजेने लगेच उघडी पडते, कारण तिन्ही खात्यांची बेरीज २ हेक्टर ४० आर न येता १ हेक्टर ६८ आर येते. म्हणून बेरीज करून पाहावीच. गाव नमुना आठ-अ काढून त्याच्याशीही मेळ घालावा. पण बेरजेवर विसंबू नये. दुसऱ्याचे ८० आणि तिसऱ्याचे ४० यांची अदलाबदल झाली, तर बेरीज अचूक जुळेल आणि दुसऱ्याचा निम्मा वाटा तिसऱ्याच्या खात्यात गेलेला असेल. इतर अधिकारातली विहिरीची किंवा वहिवाटीच्या रस्त्याची नोंद गळाली, तर तिथे बेरीज करायला आकडाच नाही. आदिवासी खातेदाराच्या जमिनीवरचा हस्तांतरणाच्या निर्बंधाचा शेरा गळाला, तर तेही गणिताने कळणार नाही, आणि पुढे कुणी त्या जमिनीचा सौदा करायला आला की गळालेल्या शेऱ्याची किंमत कळेल. अशा नोंदी ओळीने वाचूनच सापडतात.

वाचण्याचीही रीत आहे. एकाने जुना उतारा मोठ्याने वाचावा आणि दुसऱ्याने नव्यावर बोट ठेवून पाहावे, ही पद्धत चांगली. २०१७ मध्ये संगणकीकृत सातबाऱ्यांचे गावोगाव चावडी वाचन झाले, ते याच तत्त्वावर. पण कानाच्या मर्यादा आहेत. एकोणसाठ आणि एकोणसत्तर घाईत सारखेच ऐकू येतात, म्हणून आकडा सुटा वाचावा: पाच, नऊ. नावांमधला ऱ्हस्व-दीर्घ कानाला कळत नाही, तो डोळ्यानेच पाहावा. जुना उतारा हस्तलिखित असेल तर देवनागरी १ आणि ९ यांची गल्लत होते, तिथे दोनदा पाहावे. आणखी एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. कमी झालेल्या नोंदी पूर्वी कंसात दाखवत. २०२० नंतरच्या नव्या नमुन्यात त्यांवर आडवी रेघ असते. अक्षरे तीच राहतात, पण रेघ पडली की ती नोंद गेलेली असते. नुसती नावे वाचून 'सगळी आहेत' म्हणणारा इथे फसतो. संगणकावर दोन मजकूर ताडून पाहणारी साधनेही अक्षरेच ताडतात, रेघ त्यांच्या नजरेतून सुटू शकते. शिवाय जुना आणि नवा नमुना यांची मांडणीच वेगळी असल्याने कागदावर कागद ठेवून उजेडात धरण्याचा उपाय इथे चालत नाही. जागेशी जागा ताडायची नाही, नोंदीशी नोंद ताडायची.

यावर पहिला आक्षेप असा येईल की दोन अधिकाऱ्यांनी पाहून सही केलेल्या कागदाची शेतकऱ्याने पुन्हा तपासणी कशाला करायची? हा अविश्वास नव्हे. मंडळ अधिकारी प्रमाणित करतात तो फेरफार, आणि त्यांचे लक्ष स्वाभाविकपणे फेरफारात जे लिहिले आहे त्यावर असते. विहीर कुठे होती, भावाचा वाटा किती होता, हे ज्याला तोंडपाठ आहे तो खातेदारच. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: आदेशात नसलेला प्रत्येक फरक चूकच असेल कसा? तसे नाहीच. जुना उतारा सहा महिन्यांपूर्वीचा असेल, तर मधल्या काळात कुणाचा वारस लागला असेल, बँकेचा बोजा चढला किंवा उतरला असेल. असा फरक रास्त आहे, पण त्याला स्वतःचा फेरफार क्रमांक असतो. तो क्रमांक पाहावा, त्या फेरफाराची प्रत काढावी. उताऱ्याच्या तळाशी शेवटचा फेरफार क्रमांक व दिनांक असतो आणि प्रलंबित फेरफारही दाखवलेले असतात, त्यावरून मध्ये काही घडले का ते कळते. ज्या फरकाला आदेशही नाही आणि फेरफारही नाही, तोच संशयाचा. ही गुंतागुंत टाळायची असेल तर दुरुस्तीचा अर्ज देण्याच्या दिवशीच त्या दिवसाचा उतारा काढून ठेवावा. तुलनेचा पाया जितका ताजा, तितके मधले फरक कमी.

संशयाचा फरक सापडलाच, तर तोंडी सांगून घरी येऊ नये. तिन्ही कागदांच्या प्रती जोडून, फरकाची जागा नेमकी दाखवून लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. टंकनाची चूक असेल तर ती पुन्हा कलम १५५ मध्येच बसते. पण आदेशानेच किंवा प्रमाणित फेरफारानेच हक्काला धक्का लागला असेल, तर मार्ग उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपिलाचा आहे, आणि त्याला ६० दिवसांची मुदत आहे. म्हणून उतारा मिळाल्याच्या आठवड्यातच तपासणी व्हावी, कर्ज किंवा मोबदला निघण्याच्या वेळी नव्हे. आणि अर्ज करतानाच एक विनंती जरूर लिहावी: आदेशात दुरुस्तीपूर्वीची नोंद आणि दुरुस्तीनंतरची नोंद समोरासमोर द्यावी, आणि खाली 'उर्वरित सर्व नोंदी कायम' असे स्पष्ट नमूद करावे. ते एक वाक्य असले की पुढे आदेशाबाहेरचा प्रत्येक बदल आदेशाविरुद्धचा ठरतो, आणि मग तो चुकीचा कसा हे सिद्ध करण्यासाठी तुम्हाला फार बोलावे लागत नाही.