रोवणीच्या दिवसांत ‘आज नको’

बाईलाही स्वतःची इच्छा असते, हे र. धों. कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून सांगत होते. तरी नवराबायकोची इच्छा जुळली नाही की आपण आजही गप्पच बसतो.

आपल्या करडीकडचंच बघा. समजा, रोवणी सुरू आहे. ती दिवसभर बांधीत वाकून थकलेली. रात्री तो जवळ येतो, ती म्हणते, “आज नको.” त्याला वाटतं, मी नकोसा झालो. तिला वाटतं, यांना माझ्या थकव्याचं काहीच नाही. मग ती साधा हातही टाळू लागते, कारण प्रत्येक स्पर्श पुढे तिथंच जाईल, ही धास्ती. दुरावा वाढतो तो इथून.

म्हणून हे बोलणं अंथरुणात नको, दिवसा चहा घेताना करा. त्यानं म्हणावं, “मला तुझी ओढ वाटते, पण तू नाही म्हटलंस तर रुसणार नाही.” आणि खरंच रुसू नये. तिनं म्हणावं, “अंग दुखते, आज नुसते जवळ बसा.” कधी इच्छा तिची जास्त असते, तेव्हाही हेच.

संबंधाच्या वेळी दुखत असेल किंवा इच्छा अचानक गेली असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.