तंबाखू आणि हातापायांच्या धमन्या
(वार्षिक संमेलनातील भाषण)



तंबाखूने छाती बिघडते, हे आपण ऐकून आहात. आज आम्ही पायांविषयी बोलणार आहो. न्यूयॉर्कचे डॉक्टर लिओ बर्जर यांनी १९०८ साली सविस्तर वर्णिलेला एक रोग त्यांच्याच नावाने ओळखला जातो. तो बहुधा तंबाखूच्या आहारी गेलेल्या तरुणांस जडतो. हातापायांच्या लहान व मध्यम धमन्या सुजतात, आत रक्ताची गुठळी धरते आणि वाट बुजते.

बत्तीस वर्षांचा एक गृहस्थ आमच्याकडे आला. दिवसाकाठी दोन बंडले विड्या ओढी. चालताना तळपायाच्या कमानीत कळ येई, थांबले की ओसरे. वर्षभर वात समजून तेल चोळण्यात गेले. मध्येच पोटरीवर लाल, दुखरी, दोरीसारखी शीर उठे व आपोआप मावळे. तिकडे कोणी पाहिले नाही. आला तेव्हा तो रात्र रात्र खाटेखाली पाय लोंबता ठेवून बसत असे, कारण आडवे होताच वेदना असह्य होई. नख काढताना करंगळीस झालेली जखम काळी पडली होती. गुडघ्यामागे नाडी ठीक लागली. पावलावर व घोट्यामागे मुळीच नाही.

हृदयाच्या मोठ्या धमनीत जसा नवा मार्ग जोडता येतो, तसा येथेही जोडा, असा नातलगांचा आग्रह. परंतु या रोगात अडथळा थेट पावलातील बारीक धमन्यांत असतो. नवा मार्ग जोडावा अशी मोकळी धमनी पुढे बहुधा उरतच नाही. औषधांनी वेदना थोडी हटते, रोग हटत नाही. तो थांबतो तंबाखू संपूर्ण सोडल्यानेच.

त्याने विडी सोडली. काळी पडलेली करंगळी काढावी लागली. तथापि तीन महिने लोटले तरी जखम भरेना. आम्ही खोदून विचारले. तो शपथेवर नाही म्हणाला. शेवटी त्याच्या आईच म्हणाल्या, “विडी नाही हो डॉक्टरसाहेब, नुसती सकाळ-संध्याकाळ मशेरी लावतो.”

शपथ खरी होती, पण मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. धूर नसला तरी तंबाखू अंगात जातेच, आणि रोग धुमसत राहण्यास दिवसाच्या एक-दोन विड्याही पुरतात. तपकीर, चुना-तंबाखू यांचीही तीच गोष्ट. विडी सोडविण्यास काही जण निकोटिनचा च्युइंगगम वापरतात. या रोग्यांस तोही शक्यतो वर्ज्य सांगावा लागतो. (आमच्या घरीही मशेरीची डबी होती, हे सांगावयास संकोच वाटत नाही.)

मशेरी बंद झाली. चार महिन्यांत जखम कोरडी पडली. पावलावरील नाडी आजही लागत नाही. बुजलेली वाट उघडली नाही, आजूबाजूच्या लहान वाहिन्यांनी भार उचलला आहे. फार चालला तर कळ येते. पण रात्री तो आडवा होऊन झोपतो, आणि उरलेली नऊ बोटे शाबूत आहेत.