बेरजेने मोजलेली साखळी



श्रीरामपूरहून संगमनेर, आळेफाटा ओलांडून नारायणगावला गेलं की जवळच खोडद लागतं. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने तिथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभी राहिली. तिच्यात प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. आज मी तिच्यातल्या एकाच गोष्टीबद्दल बोलणार आहे : अँटेनात आलेला क्षीण संकेत मोठा करणारी अँप्लिफायरची साखळी आणि तिचा हिशोब.

संकेत किती क्षीण असतो, ते आधी पाहू. आकाश आणि यंत्रणा यांचं मिळून रेडिओ तापमान १०० केल्व्हिन धरलं आणि ३२ मेगाहर्ट्झचा पट्टा घेतला, तर हाती येणारी एकूण शक्ती सुमारे ४.४ × १०⁻¹⁴ वॉट भरते. ती एक मिलिवॉटपर्यंत न्यायची तर सुमारे २,३०० कोटी पटींनी वाढवायला हवी. एका अँप्लिफायरला हे झेपत नाही, म्हणून एकापुढे एक अनेक टप्पे जोडतात. प्रत्येक टप्प्याचा गेन पुढच्या टप्प्याच्या गेनने गुणायचा, म्हणजे शून्यांची रांग वाढतच जाते. लॉगॅरिदम घेतला की गुणाकाराची बेरीज होते. डेसिबलची उपयुक्तता इथेच आहे.

शक्तीच्या गुणोत्तराचा लॉग घ्यायचा आणि त्याला १० ने गुणायचं, की डेसिबल मिळाले. दहापट म्हणजे १० डेसिबल, शंभरपट म्हणजे २०, दुप्पट म्हणजे जवळपास ३ आणि निम्मं म्हणजे उणे ३. एवढं पाठ असलं की उलटा प्रवासही तोंडी होतो. ३६ डेसिबल म्हणजे ३० अधिक ३ अधिक ३. म्हणून हजार गुणिले दोन गुणिले दोन, सुमारे ४,००० पट. २७ डेसिबल म्हणजे ३० उणे ३, म्हणून ५०० पट. आपल्या २,३०० कोटींचे १०३.६ डेसिबल होतात.

व्होल्टेजसाठी मात्र १० च्या जागी २० येतात. रोध तोच असेल तर शक्ती व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे वाढते आणि वर्गाचा लॉग दुप्पट असतो. व्होल्टेज दहापट झालं की शक्ती शंभरपट होते. दोन्हींकडून उत्तर २० डेसिबलच येतं. उलट जाताना शक्तीसाठी डेसिबलला १० ने भागायचं, व्होल्टेजसाठी २० ने, आणि मग १० चा तितकावा घात घ्यायचा. पण 'रोध तोच असेल तर' ही अट विसरू नका. समजा, एखाद्या अँप्लिफायरचा इनपुट रोध १०,००० ओहम आहे, आउटपुटला ८ ओहमचा भार आहे आणि व्होल्टेज जेवढ्यास तेवढं राहतं. व्होल्टेज गेन शून्य डेसिबल. पण शक्ती १,२५० पट झाली, म्हणजे ३१ डेसिबल. म्हणून आकड्यासोबत तो कशाचा, हे लिहायलाच हवं. रेडिओच्या साखळीत सगळीकडे सहसा ५० ओहम ठेवतात, त्यामुळे हा घोळ होत नाही.

आता साखळी जोडू. आकडे समजण्यासाठी मी घेतलेले आहेत. पहिला टप्पा ३५ डेसिबल, दुसरा ३०, मग केबलमध्ये ६ डेसिबलची घट, पुढचे दोन टप्पे २५ आणि २०. पस्तीस नि तीस पासष्ट, उणे सहा एकोणसाठ, अधिक पंचवीस चौऱ्याऐंशी, अधिक वीस १०४. म्हणजे सुमारे २,५०० कोटी पट. संकेत एक मिलिवॉटच्या किंचित वर पोहोचला.

ही बेरीज कधी चुकते? एक, टप्पे सुटे मोजले आणि जोडल्यावर पुढच्या टप्प्याचा भार पडला तर. ६०० ओहमच्या आउटपुटला ६०० ओहमचा इनपुट जोडला, की मोकळं असताना मोजलेलं व्होल्टेज निम्मं होतं आणि ६ डेसिबल जातात. सुटे मोजलेले २० आणि २० मिळून ४० ऐवजी ३४ भरतात. दुसरं, एखादा टप्पा कमाल मर्यादेला टेकला तर. याची परीक्षा सोपी आहे : इनपुट १ डेसिबलने वाढवा. आउटपुटही १ डेसिबलने वाढलं तर साखळी ठीक. कमी वाढलं तर कुठेतरी टप्पा भरून गेला आहे. मग शेवटाकडून एकेक टप्पा मागे जात मोजायचं.

एक गोष्ट मात्र बेरीज सांगत नाही. टप्प्यांचा क्रम बदलला तरी १०४ हे उत्तर बदलत नाही. पण ती ६ डेसिबलची केबल पहिल्या अँप्लिफायरच्या आधी आली, तर अँटेनाने टिपलेला संकेत चौथा हिस्सा उरतो आणि अँप्लिफायरचा स्वतःचा गोंगाट तेवढाच राहतो. पुढे कितीही डेसिबल वाढवले तरी दोन्ही बरोबरच वाढणार. म्हणून रेडिओ दुर्बिणीत कमी गोंगाटाचा पहिला अँप्लिफायर अँटेनाच्या नाभीपाशीच बसवतात आणि लांब केबल त्याच्या नंतर येते.